पाचवे कलम : साताऱ्याचे राज्य जाण्याआधीचे तास

५ सप्टेंबर १८३९ रोजी दिवस उजाडण्यापूर्वी कंपनी सरकारच्या फौजेने साताऱ्याचा राजवाडा वेढला आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पालखीत घालून शहराबाहेर नेले. लढाई झाली नाही, एक गोळीही सुटली नाही. साताऱ्यात ही हकीकत फितुरीची म्हणून सांगतात आणि बाळाजीपंत नातूंचे नाव आजही कडवटपणे घेतात. फितुरी होतीच. पण फितुरीने राजा अडचणीत येतो. त्याला गादीवरून उठवायचे तर हातात कागद लागतो. तो कागद वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता आणि त्यावर महाराजांचीही मोहर होती. म्हणून या पहाटेपर्यंतचे तास मोजायला मी तिथून सुरुवात करतो.

सुमारे १,७५,००० तास आधी : २५ सप्टेंबर १८१९

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या लष्कराबरोबर फिरणारे तरुण प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवल्यावर मराठी मुलखाला शांत ठेवायला छत्रपतींची गादी कायम राखणे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला सोयीचे वाटले. कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, साताऱ्याला पोलिटिकल एजंट म्हणून बसला. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा भाग असा मुलूख महाराजांना आणि त्यांच्या वारस-उत्तराधिकाऱ्यांना निरंतर सार्वभौमत्वाने दिला, असे पहिले कलम सांगते.

दुसरे कलम लगेच हात आवळते. महाराजांनी कंपनीशी दुय्यम सहकार्याने राहायचे आणि सर्व बाबतींत एजंटच्या सल्ल्याने चालायचे. पुढे, कंपनीला विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही. यानंतर येते पाचवे कलम. परकी सत्ता, सरदार, जहागीरदार, मंत्री किंवा महाराजांच्या अमलाखाली नसलेला कोणताही माणूस यांच्याशी महाराजांनी किंवा त्यांच्या वारसांनी कसलाही व्यवहार ठेवायचा नाही. सोयरीक जुळवताना बाहेरच्या घराण्याशी पत्रव्यवहार करावाच लागला तर तोसुद्धा संपूर्णपणे एजंटमार्फत. आणि शेवटी : हे कलम तहाचा मूळ आधार आहे, ते मोडल्यास तहातून मिळालेले सर्व लाभ जातील.

या कलमाची रचना नीट पाहिली पाहिजे. तहात निषिद्ध गोष्टी सहसा मोजून सांगतात : अमक्या शत्रूला मदत करू नये, तमक्या किल्ल्यावर फौज ठेवू नये. इथे तसे काही नाही. इथे संपर्कच निषिद्ध आहे. मुलीसाठी स्थळ विचारणारे पत्र, संकेश्वरच्या मठातल्या स्वामींना धाडलेला निरोप, गोव्याहून आलेला व्यापारी, हे सगळे एजंटला वगळून झाले तर तहभंग. शिवाय शिक्षेला पायऱ्या नाहीत. ताकीद नाही, दंड नाही, चूक सुधारायला मुदत नाही. भंग झाला की सर्व लाभ गेले. भंग झाला की नाही हे कोणी ठरवायचे, याबद्दल मात्र तहात एक अक्षर नाही. लवाद नाही, तिसरा पंच नाही. ज्याच्या हाती फौज त्यानेच अर्थ लावायचा.

त्याच वर्षी, १५ मे रोजी, सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीही कंपनीशी करार केला होता. जुन्या रिवाजाप्रमाणे स्वार घेऊन चाकरी करण्याची अट त्यांना मानवेना. शेवटी चाकरीऐवजी काही मुलूख तोडून देऊन त्यांनी ती अटच मिटवली. जमीन गेली, पण रोज मोडता येईल असे बंधन मानेवर राहिले नाही. साताऱ्याला असा सौदा करणे शक्य नव्हते. सांगलीकर जहागीरदार होते. सातारकर छत्रपती होते, आणि इंग्रजांना नेमकी त्या नावाच्या संबंधांची भीती होती.

पहिली काही वर्षे तह उत्तम चालला. १८२२ मध्ये महाराजांकडे पूर्ण कारभार आला. १८२८-२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांना हवी होती. तिच्या बदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव महाराजांनी घेतले आणि तसा करारही झाला. १८३५ मध्ये लंडनच्या संचालकांनी कारभाराचे कौतुक म्हणून महाराजांसाठी तलवार पाठवायचे ठरवले. तोवर दुसरीकडे वाद पेटला होता. औंधचे प्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले हे जहागीरदार तहाने महाराजांच्या अमलाखाली, पण कंपनीच्या हमीवर होते. जहागीरदार निपुत्रिक गेला तर जहागीर कोणाकडे यायची? महाराज म्हणत, माझ्याकडे. मुंबई सरकार म्हणे, हमी आमची, निर्णयही आमचा. जहागीरदारांविषयीच्या एकाच कलमाचे दोन अर्थ झाले आणि पंच नसल्याने महाराजांना एकच वाट दिसली : लंडनला वकील धाडायचा.

ही वाट धोक्याची होती. एजंटला, म्हणजे आता रेसिडेंटला, डावलून कोणाशीही बोलायचे नाही, असे पाचवे कलम सांगते. मुंबईविरुद्धचे गाऱ्हाणे मुंबईच्याच हातून लंडनला न्यायचे, असा त्याचा अर्थ होतो. वकील पाठवण्याचा बेत मुंबईत कळला आणि तिथून महाराजांकडे पाहण्याची नजर बदलली, असे मला कागदपत्रांच्या क्रमावरून स्पष्ट दिसते.

सुमारे २६,००० तास आधी : ८ सप्टेंबर १८३६

साताऱ्यातल्या २३ व्या पलटणीच्या दोन सुभेदारांनी सांगितले की, राजाकडून आम्हाला फितवण्याचा प्रयत्न झाला. त्यांना रात्री दिवाण गोविंदरावांकडे नेण्यात आले, असा आरोप होता. ऑक्टोबरमध्ये गुप्त चौकशी समिती बसली. तिच्यात रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हान्स आणि मुंबई सरकारचे सचिव विलोबी होते. साक्षी आधी झाल्या आणि महाराजांना नंतर बोलावले. साक्षींच्या नकला त्यांनी मागितल्या, मिळाल्या नाहीत. गोविंदरावांना धरून अहमदनगरला कैदेत ठेवले. मग त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे आला आणि त्यात राजाच्या कटाची कबुली होती. तो अर्ज बनावट निघाला.

पुढे दोन आरोप वाढले. एक, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान. दुसरा, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी तह करून पोर्तुगालहून हजारोंची फौज आणण्याचा बेत. पोर्तुगाल तेव्हा यादवी युद्धातून जेमतेम बाहेर येत होता. हिंदुस्थानात हजारो सैनिक पाठवण्याची त्याची ताकद नव्हती. गव्हर्नर डोम मॅनोएल द पोर्तुगाल इ कास्त्रो याने पुढे युरोपातून हा आरोप साफ नाकारला. पण आरोपाची बांधणी पाहा. फौज येण्याची शक्यता सिद्ध करायची गरजच नव्हती. गोव्याला एक पत्र गेले, एवढे दिसले की पाचवे कलम मोडले. पैसे देऊन मिळवलेल्या कागदांवरून तेवढे दाखवणे अवघड नव्हते.

सुमारे २,३०० तास आधी : ३१ मे १८३९

मुंबईला नवा गव्हर्नर आला, सर जेम्स रिव्हेट कार्नाक. हा माणूस नुकताच लंडनला कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता. ज्यांच्याकडे दाद मागायला महाराज वकील धाडत होते, त्यांचाच प्रमुख आता फिर्यादी सरकारचा मुख्य होऊन आला. चौकशी आणखी ताणण्यात अर्थ नाही, असे संचालकांनी १८३८ मध्येच कळवले होते. तेव्हा कार्नाकला प्रकरण मिटवायचेच होते, आणि तो क्षमेचा मसुदा घेऊन आला. त्या वर्षी कंपनीची फौज अफगाणिस्तानात गुंतली होती, ऑगस्टमध्ये ती काबूलला पोचली. दख्खनेत शांतता हवी होती. सातारा वाचण्याची ही सर्वात मोठी संधी होती, आणि ती फसली ती एका परिच्छेदावर.

सुमारे ३०० तास आधी : २३ ऑगस्ट १८३९

कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. २३ ऑगस्टला पहिली भेट झाली. त्याने महाराजांपुढे ठेवलेल्या अटी पाहिल्या तर फार जड नव्हत्या. १८१९ चा तह काटेकोर पाळायचा. धाकटे बंधू आप्पासाहेब यांची नेमणूक चालू ठेवायची आणि वाद पडल्यास रेसिडेंटने तोडायचा. बळवंतराव चिटणीसांना कारभारातून दूर करायचे. इंग्रजांनी अभय दिलेल्या माणसांना हात लावायचा नाही. एवढे मान्य केले की झाले गेले विसरले.

पण या अटींच्या डोक्यावर एक प्रस्तावना होती. तिचा आशय असा : महाराजांनी वाईट सल्लागारांच्या नादी लागून, ज्या तहाने गादी दिली तो मोडून, इंग्रज सरकारविरुद्ध संधान बांधले अशी खबर आली, चौकशीत सरकारची खात्री झाली की महाराजांनी सरकारची मैत्री आणि संरक्षण गमावण्याजोगे वर्तन केले, तरीही दयेपोटी सरकार हे सारे पुढील अटींवर माफ करीत आहे.

अटी घ्यायला महाराज तयार होते, प्रस्तावना घ्यायला नव्हते. निरपराध असून गुन्हा कबूल करण्यापेक्षा राज्य सोडलेले बरे, असा त्यांचा पवित्रा होता. नंतरच्या अनेकांना हा हट्ट वाटला : एक सही केली असती तर राज्य राहिले असते. मला हे पटत नाही, आणि कारण भावनेचे नाही, तहाच्या व्यवहाराचे आहे.

करारात अटींच्या आधी लिहिलेली हकीकत शोभेची नसते. पुढे वाद झाला की अटींचा अर्थ तिच्या उजेडात लावतात. तहांच्या कायद्यावरचा १९६९ चा व्हिएन्ना करारही प्रस्तावनेला मजकुराचाच भाग धरतो. आता इथे काय झाले असते ते पायरीपायरीने पाहा. महाराजांनी सही केली की १८१९ च्या तहाचा भंग झाला होता, ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य ठरली. आजवर ती फक्त एका बाजूची समजूत होती. पाचव्या कलमाप्रमाणे भंगाची शिक्षा सर्व लाभ जाणे. म्हणजे त्या क्षणापासून महाराज गादीवर बसतात ते तहाच्या हक्काने नाही, तर इंग्रजांच्या दयेने. निरंतर सार्वभौमत्व हे शब्द कागदावर राहतात, पण त्यांचा पाया निघून जातो. आणि दया परत घ्यायला कोणाची संमती लागत नाही. जहागिरींच्या वादात, वकील लंडनला धाडण्याच्या प्रश्नात, पुढच्या कोणत्याही तक्रारीत महाराज कबुली दिलेले गुन्हेगार म्हणून उभे राहिले असते. तहाचा पक्षकार म्हणून उभे राहण्याचा एकमेव आधार त्या परिच्छेदात जात होता. महाराजांना हे दिसले होते, असे मी मानतो.

सुमारे दीडशे तास आधी : ऑगस्टची अखेर

पहिल्या भेटीनंतर कार्नाक आणखी दोनदा महाराजांना भेटला. दोघेही आपापल्या जागी होते. महाराज पुन्हा पुन्हा एकच मागत होते : आरोपांचे कागद दाखवा, साक्षीदार समोर आणा, माझे म्हणणे ऐका. कार्नाकचे म्हणणे असे की, चौकशी झाली आहे आणि सरकारची खात्री पटली आहे. चौकशी उघडली तर बनावट अर्ज, विकत घेतलेले कागद आणि गव्हर्नराचे नाव घेऊन रचलेली गोव्याची कथा हे सारे बाहेर येणार होते. बंद ठेवली तर क्षमा हाच एक मार्ग, आणि क्षमेला कबुली हवी. वाटाघाटींत दोन बाजूंना मधली जागा सापडते ती शब्द बदलून. इथेही ती सापडली असती. झाले असेल नसेल ते दोन्ही पक्षांनी मागे टाकले आहे, असे एक वाक्य पुरले असते. तहांच्या इतिहासात अशी वाक्ये शेकड्यांनी आहेत. पण कार्नाकने प्रस्तावना बदलली नाही. ज्याच्याकडे पलटणी आहेत त्याला शब्द बदलण्याची निकड नसते.

आजच्या नियमांनी पाहिले तर या टप्प्यावर काय व्हायला हवे होते? एका पक्षाने तहाचा गंभीर भंग केला तर दुसऱ्याला तह थांबवता किंवा संपवता येतो, हे व्हिएन्ना करारातही आहे. पण आधी लेखी कळवावे लागते, विशेष तातडी नसेल तर किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते आणि हरकत आली तर शांततेच्या मार्गाने तोड शोधावी लागते. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरी त्यातले बरेच नियम सर्वमान्य रिवाज म्हणून चालतात. साताऱ्याला पहिल्या भेटीपासून पालखीपर्यंत तेरा दिवस मिळाले.

शेवटचे बारा तास : ४ सप्टेंबरची रात्र

हुकूम बजावण्याचे काम ओव्हान्सकडे होते. चौकशी समितीत बसलेला हा माणूस १८३७ पासून साताऱ्याचा रेसिडेंट होता. म्हणजे चौकशी करणारा, महाराजांचे गाऱ्हाणे पुढे नेण्याचा एकमेव मार्ग आणि आता पकडणारा, हे तिन्ही एकच. महाराजांनी आपल्या लोकांना शस्त्र उचलू दिले नाही. एक बंदूक जरी उडाली असती तरी तहभंगाचा जो पुरावा तीन वर्षे जमवावा लागला तो ओव्हान्सला आयता मिळाला असता. महाराजांचा सगळा दावा आपण तह पाळला यावर उभा होता, आणि त्या रात्रीही त्यांनी तो पाळला.

५ सप्टेंबर १८३९, पहाट

राजवाडा वेढला गेला. महाराजांना पालखीत घालून आठ मैलांवरच्या लिंब गावी नेले आणि तिथे गोठ्यासारख्या जागेत ठेवले. पुढे त्यांना काशीला धाडले. वाटेत त्यांच्याबरोबर निघालेले सेनापती बाळासाहेब राजे भोसले वारले. काशीतच १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराजांचे देहावसान झाले.

५ सप्टेंबरलाच साताऱ्यात जाहीरनामा निघाला. सरकारला यात स्वतःचा लाभ किंवा विस्तार साधायचा नाही. गादीवर बंधू आणि पुढचे वारस आप्पासाहेब बसतील, १८१९ च्या तहाने ठरलेल्या हद्दीत, असे त्याने सांगितले. हे फार मोलाचे विधान होते. तह संपला असे इंग्रज म्हणत नव्हते. एक राजा गेला, तह चालू, गादी वारसाकडे, असे ते म्हणत होते.

नंतर

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले. समोरच्याने आपल्याला वकील म्हणून स्वीकारावे, हे वकिलाचे पहिले काम असते आणि तिथेच दार बंद झाले. संचालकांनी सांगितले, मुंबई सरकारमार्फत या. पाचव्या कलमाची भिंत लंडनलाही उभी होती. मग रंगो बापूजींनी दुसरे दार शोधले. कंपनी ही भागधारकांची होती, आणि भागधारकांच्या सभेत ठराव मांडता येत असे. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉमसन यांच्यासारखे लोक त्यांनी मिळवले, कागद छापले, सभा भरवल्या. साताऱ्याचे दोन माजी रेसिडेंट, रॉबर्टसन आणि चौकशी समितीत बसलेले खुद्द लॉडविक, महाराजांच्या बाजूने बोलले. मते मात्र दर वेळी विरुद्ध पडली.

५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब, म्हणजे शहाजी महाराज, दत्तक घेऊन वारले. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क याने दत्तक मान्य करावा असे लिहिले. तहात वारस आणि उत्तराधिकारी असे दोन्ही शब्द आहेत आणि हिंदू कायद्यात दत्तक पुत्र वारस असतो. लॉर्ड डलहौसीने ३० ऑगस्टच्या टिपणात उलट अर्थ लावला, आणि २४ जानेवारी १८४९ रोजी संचालकांनी तो उचलला. साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्याच सुमारास तासगावच्या पटवर्धनांची जहागीरही निर्वंश म्हणून गेली. तहातला वारसांविषयीचा मजकूर १८१९ पासून तोच होता. वाचणारा पूर्वीसारखाच एकटा होता.

रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस परतले. त्यांचे कर्ज भागवायला आणि प्रवासाला कंपनीने पैसे दिले, पण मागणी मान्य केली नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर बंडाच्या आरोपावरून सतरा जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीतारामही होता.

१८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने संस्थानिकांशी झालेले सर्व तह पाळण्याचे वचन दिले आणि पुढे दत्तकाच्या सनदा वाटल्या. सांगलीला अशी सनद मिळाली. औंध, भोर, फलटण, जत ही महाराजांच्या अमलाखालची घराणीही टिकली. ज्या जहागिरींचा वाद महाराजांना लंडनकडे घेऊन गेला त्या जहागिरी ८ मार्च १९४८ पर्यंत चालल्या, म्हणजे साताऱ्याच्या गादीनंतर जवळजवळ शंभर वर्षे.